मराठी वर्गाला किती घरं येतील? १५० उत्तरांवरून टक्केवारीचा पट्टा आणि लागणारा नमुना कसा काढायचा

इंदूरमधल्या एखाद्या मराठी मंडळाची सभासद-यादी डोळ्यांसमोर आणा. यादीत १२०० कुटुंबं आहेत. काही रामबागेत पिढ्यानपिढ्या राहणारी, काही लोकमान्य नगर आणि सुदामा नगरात स्थिरावलेली, काही बायपासकडच्या नव्या कॉलन्यांत गेलेली. मंडळाला शनिवार-रविवारचे मराठीचे वर्ग सुरू करायचे आहेत. जागा भाड्याने घेण्याआधी एवढंच समजून घ्यायचं आहे, की यादीतल्या किती घरांमधून कोणी तरी वर्गाला येईल. सगळ्या घरांना गाठणं शक्य नाही, म्हणून २४० घरं निवडली आणि त्यांना गूगल फॉर्म पाठवला. उत्तरं आली १५०. त्यांत 'हो' ४२, 'नाही' ९९ आणि 'अजून ठरलं नाही' ९. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण पुढचं सगळं गणित त्यांवर शेवटपर्यंत करून दाखवलं आहे. तुमचे आकडे त्यांच्या जागी घालता येतील.

४२ भागिले १५० म्हणजे २८ टक्के. १२०० चे २८ टक्के ३३६. इथवर कोणीही पोचतं आणि बहुतेक अहवाल इथेच थांबतात. पण दुसरी २४० घरं निवडली असती, तर २८ च्या जागी २४ किंवा ३३ आले असते. खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो, हे सांगणाऱ्या पट्ट्याला सांख्यिकीत विश्वास अंतराल म्हणतात. बोलताना सगळे कॉन्फिडन्स इंटरव्हलच म्हणतात. हा पट्टा काढायचा, तो फार रुंद असेल तर आणखी किती उत्तरं लागतील ते ठरवायचं, आणि ज्या ९० घरांनी उत्तरच दिलं नाही त्यांचं काय करायचं ते पाहायचं. या तिन्हींत शेवटचं काम सर्वांत महत्त्वाचं आहे आणि नेमकं तेच राहून जातं.

आधी निवड तपासा

पुढची सगळी सूत्रं एका अटीवर उभी आहेत: यादीतल्या प्रत्येक घराला निवडलं जाण्याची सारखी संधी असली पाहिजे. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला आलेल्यांकडून फॉर्म भरून घेतले, किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकून ज्यांनी भरले त्यांचे घेतले, तर हाती येतं ते उत्साही घरांचं मत. सूत्रात ते आकडे घातले तर पट्टा निघेल, नीटनेटका दिसेलही, पण तो १२०० घरांबद्दल काही सांगणार नाही. असे फॉर्म १५० च्या जागी ६०० आले तरी दोष तसाच राहतो.

निवड करायची ती अशी. शीटमध्ये १२०० नावं एका कॉलममध्ये ठेवा, त्याआधी दोनदा आलेली आणि इंदूर सोडून गेलेली घरं काढून टाका. शेजारच्या कॉलममध्ये प्रत्येक नावापुढे `=RAND()` लिहा. हे सूत्र शीटमध्ये काहीही बदललं की नवे आकडे देतं. म्हणून तो कॉलम लगेच कॉपी करून `Ctrl+Shift+V` ने फक्त आकडे म्हणून त्याच जागी चिकटवा. मग त्या कॉलमनुसार यादी लावून घ्या आणि वरची २४० घरं घ्या. 'हे घर ओळखीचं आहे, याऐवजी ते घेऊ' अशी अदलाबदल एकदाही करू नका. जे घर सापडत नाही, ते 'उत्तर नाही' मध्ये मोजायचं, शेजारच्या घराने त्याची जागा भरायची नाही.

एका घरातून एकच उत्तर घ्या. एकाच घरातल्या आजोबा, आई आणि मुलीने तीन फॉर्म भरले, तर ती तीन स्वतंत्र मतं नसतात. घरात जे ठरलं असतं तेच तिघं सांगतात. सूत्र मात्र त्यांना तीन वेगळी घरं समजतं आणि पट्टा खोटाच अरुंद करतं. फॉर्ममध्ये सभासद क्रमांक विचारला की अशी दुबार उत्तरं सापडतात.

मोजणी आणि भाजक

उत्तर टाइप करायला मोकळी जागा दिली, की 'हो', 'होय', 'हां', 'ho' आणि 'हो' च्या पुढे राहिलेली मोकळी जागा असे पाच प्रकार येतात. `=COUNTIF(C2:C151,"हो")` हे सूत्र त्यांतला पहिलाच प्रकार मोजतं आणि बाकीचे गुपचूप वगळतं. तीनच पर्याय द्या आणि त्यांतला एक निवडू द्या. मोजून झाल्यावर तिन्ही संख्यांची बेरीज एकूण उत्तरांइतकी होते का, ते पाहा: ४२ + ९९ + ९ = १५०. ही बेरीज जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

आता ते ९ 'अजून ठरलं नाही'. त्यांना भाजकात धरलं तर ४२/१५० म्हणजे २८ टक्के. वगळलं तर ४२/१४१ म्हणजे २९.८ टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिला सांगतो की सगळ्या घरांपैकी किती घरं आज ठामपणे हो म्हणतात. दुसरा फक्त ज्यांचं ठरलं आहे त्यांच्याबद्दल बोलतो. जागा भाड्याने घ्यायची असेल तर पहिलाच उपयोगी, कारण न ठरलेल्या घरांच्या भरवशावर भाडं भरता येत नाही. कोणता भाजक घ्यायचा, ते उत्तरं यायच्या आधी लिहून ठेवा. नंतर ठरवलं तर नकळत सोयीचा आकडा निवडला जातो.

पट्टा काढणे

पाठ्यपुस्तकात पहिल्यांदा भेटतं ते सूत्र हे:

```
p ± 1.96 × √( p(1-p) / n )
```

इथे p म्हणजे 'हो' चं प्रमाण, ०.२८, आणि n म्हणजे उत्तरं, १५०. ०.२८ × ०.७२ = ०.२०१६. त्याला १५० ने भागलं तर ०.००१३४४. त्याचं वर्गमूळ ०.०३६७, आणि त्याला १.९६ ने गुणलं की ०.०७२. म्हणजे २८ टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना ७.२, पट्टा २०.८ ते ३५.२ टक्के. १.९६ हा आकडा ९५ टक्के विश्वासाच्या पातळीतून येतो. ९० टक्क्यांसाठी तो १.६४५ असतो आणि ९९ टक्क्यांसाठी २.५७६.

९५ टक्के याचा अर्थ काय, हे नीट समजून घ्यायला हवं. याच पद्धतीने पुन्हा पुन्हा २४० घरं निवडली, दर वेळी पट्टा काढला, तर शंभरातल्या साधारण ९५ वेळा खरा आकडा त्या त्या पट्ट्यात सापडेल. खात्री पद्धतीची आहे. खरा आकडा स्थिर आहे. निवडीप्रमाणे पट्टाच हलत असतो.

हे सूत्र सोपं आहे, पण 'हो' किंवा 'नाही' यांपैकी एक संख्या लहान असली की ते कोसळतं. समजा, त्याच फॉर्ममध्ये 'शिकवायला तयार आहात का' असं `RAND` ने निवडलेल्या ३० घरांना विचारलं आणि २ हो आले. सूत्र देतं उणे २.३ ते १५.६ टक्के. उणे टक्के घरं शिकवायला तयार, याला काही अर्थच नाही. ३० पैकी ० हो आले, तर सूत्र म्हणतं ० ते ०, म्हणजे १२०० घरांत एकही शिक्षक नाही याची पूर्ण खात्री! ३० घरं विचारून अशी खात्री मिळूच शकत नाही.

म्हणून दर वेळी विल्सनची पद्धत वापरावी. एडविन विल्सन यांनी ती १९२७ मध्ये मांडली. तिच्यात पट्ट्याचा मध्य नमुन्याच्या टक्केवारीवरून थोडा ५० टक्क्यांकडे सरकतो. नमुना लहान असेल तर जास्त सरकतो, मोठा असेल तर जेमतेम. पट्टा शून्याच्या खाली किंवा शंभराच्या वर कधीच जात नाही.

```
मध्य    = (p·n + z²/2) / (n + z²)
अर्धरुंदी = z · √( n·p·(1-p) + z²/4 ) / (n + z²)
```

z म्हणजे तेच १.९६, आणि त्याचा वर्ग ३.८४१६. ३० पैकी २ ला ही पद्धत लावली तर १.८ ते २१.३ टक्के येतात. ३० पैकी शून्याला ० ते ११.४ टक्के. दोन्ही पट्टे रुंद आहेत आणि ते तसेच असायला हवेत, कारण माहितीच तेवढी आहे. आपल्या १५० पैकी ४२ ला लावली तर मध्य २८.५ टक्के येतो, अर्धरुंदी ७.१, आणि पट्टा २१.४ ते ३५.७. पहिल्या सूत्रापेक्षा फरक अर्ध्या टक्क्याचाच आहे. 'हो' आणि 'नाही' दोन्ही भरपूर असले की दोन्ही पद्धती जवळ येतात. तरीही केव्हा कोणतं सूत्र, हे लक्षात ठेवण्यापेक्षा शीटमध्ये एकदाच विल्सन बसवून टाकलेलं बरं.

यादी लहान असल्याचा फायदा

वरची सूत्रं असं धरून चालतात, की यादी अमर्याद मोठी आहे. आपली यादी १२०० ची, आणि त्यांतल्या १५० घरांचं, म्हणजे आठातल्या एकाचं उत्तर आपल्या हातात आहे. जेवढी यादी पाहून झाली तेवढी अनिश्चितता कमी. हे गणितात आणायला n च्या जागी थोडा मोठा, 'प्रभावी' n घालायचा. N म्हणजे यादीतली एकूण घरं, तर तो n असा: n × (N − १) / (N − n). आपल्याकडे १५० × ११९९ / १०५० = १७१.३. म्हणजे या यादीपुरती १५० उत्तरं १७१ उत्तरांइतकं काम करतात.

शीटमध्ये सगळं असं बसतं:

```
B1: 42
B2: 150
B3: 1200
B4: 1.96
B5: =B1/B2
B6: =B2*(B3-1)/(B3-B2)
B7: =(B5*B6+B4^2/2)/(B6+B4^2)
B8: =B4*SQRT(B6*B5*(1-B5)+B4^2/4)/(B6+B4^2)
B9: =B7-B8
B10: =B7+B8
```

`B9` मध्ये ०.२१८ आणि `B10` मध्ये ०.३५२ दिसायला हवेत. म्हणजे २१.८ ते ३५.२ टक्के, घरांत सांगायचं तर २६२ ते ४२२. वेगळे आकडे आले, तर बहुतेक वेळा `B8` मधला एखादा कंस सुटलेला असतो. नमुना यादीच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ही दुरुस्ती करून फारसा फरक पडत नाही. तेव्हा `B6` मध्ये सरळ `=B2` लिहिलं तरी चालतं.

एक सावधगिरी. या दुरुस्तीत N म्हणजे ज्या यादीतून निवड केली ती यादी. निष्कर्ष 'इंदूरमधली मराठी कुटुंबं' असा लिहायचा असेल तर १२०० घालता येणार नाहीत. आणि खरं तर मंडळाच्या यादीवरून शहरातल्या सगळ्या मराठी घरांबद्दल बोलताच येणार नाही. जी घरं कुठल्याच मंडळात नाहीत, त्यांना निवडलं जाण्याची संधीच नव्हती.

किती उत्तरं लागतील

२६२ घरं धरून जागा घ्यायची की ४२२ धरून? कार्यकारिणीला एवढा रुंद पट्टा चालणार नसेल, तर प्रश्न येतो आणखी किती जणांना विचारायचं. त्यासाठी आधी किती चूक चालेल ते ठरवावं लागतं. समजा, दोन्ही बाजूंना ५ टक्के चालतील. इथे ५ टक्के म्हणजे २८ चे ५ टक्के नव्हेत. २८ असेल तर २३ ते ३३, असा त्याचा अर्थ. सूत्रात ही चूक e म्हणून, ०.०५ अशी घालायची. n0 म्हणजे अमर्याद मोठ्या यादीला लागणारी उत्तरं, n म्हणजे आपल्या यादीला लागणारी.

```
n0 = z² · p(1-p) / e²
n  = n0 / (1 + (n0 - 1)/N)
```

काहीच माहिती नसेल तेव्हा p = ०.५ धरतात, कारण p(१−p) तिथे सर्वांत मोठं असतं आणि नमुना कमी पडण्याची भीती राहत नाही. ३.८४१६ × ०.२५ / ०.००२५ = ३८४.१६. पूर्णांकात नेहमी वरच जायचं, म्हणून ३८५. सर्वेक्षणांत जिथे तिथे दिसणारा ३८५ चा आकडा येतो तो इथून. लाखोंच्या वस्तीलाही तो पुरतो, वस्ती दुप्पट झाली म्हणून तो दुप्पट होत नाही. आपल्या १२०० च्या यादीला दुसरी ओळ लावली की २९२ उरतात.

आपल्याकडे मात्र आता थोडी माहिती आहे. p = ०.२८ घातलं तर २४७ च येतात. हा मोह टाळावा. ०.२८ हा आकडा स्वतःच डळमळीत आहे, खरा ०.३५ असला तर २४७ उत्तरं कमी पडतील. पहिल्या पट्ट्याचं ५० टक्क्यांच्या जवळचं टोक घ्यावं. आपलं वरचं टोक ३५.२ टक्के, ते वर नेऊन ०.३६ धरू. ०.३६ × ०.६४ = ०.२३०४, त्यावरून n0 = ३५४.०४, आणि यादीची दुरुस्ती करून २७४. पट्ट्यात ५० टक्के सामावत असतील तर p = ०.५ च ठेवा.

२७४ ही उत्तरांची संख्या आहे. फॉर्म यापेक्षा जास्त पाठवावे लागतील. आपल्याकडे २४० पैकी १५० आली, म्हणजे ६२.५ टक्के. हातात १५० आहेत, आणखी १२४ हवीत. १२४ भागिले ०.६२५ म्हणजे १९८.४, तेव्हा १९९ नवी घरं घ्यायची. ती उरलेल्या ९६० मधूनच, त्याच `RAND` च्या क्रमाने पुढची. आधी लावलेला क्रम जपून ठेवला असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे. १९९ हा आकडा ठरला की तेवढी सगळी घरं विचारून संपवा. रोज टक्केवारी पाहत 'आता मनासारखी आली, थांबू' असं केलं तर पट्ट्याची ९५ टक्क्यांची हमी राहत नाही.

अपेक्षा ठेवताना एक हिशेब लक्षात असू द्या. चूक निम्मी करायला उत्तरं चौपट लागतात. मोठ्या यादीला १० टक्क्यांसाठी ९७, ५ साठी ३८५, अडीचसाठी १५३७. १२०० च्या यादीत अडीच टक्क्यांचा आग्रह धरला तर ६७५ उत्तरं लागतात, आणि ६२.५ टक्केच उत्तरं येत असतील तर त्यासाठी १०८० घरांना, म्हणजे जवळपास सगळ्या यादीला विचारावं लागतं.

आणि पोटगटांचे आकडे मागितले जातील याची तयारी ठेवा. समजा, १५० पैकी ५२ घरांत शाळकरी मुलं आहेत आणि त्यांतल्या २७ घरांनी हो म्हटलं. ५१.९ टक्के, छान वाटतं. पण ५२ वर विल्सनचा पट्टा ३८.७ ते ६४.९ टक्के येतो. यावरून 'मुलं असलेल्या निम्म्याहून जास्त घरांना वर्ग हवेत' असं लिहिता येत नाही. पोटगटाबद्दल ठाम बोलायचं असेल तर लागणारा नमुना त्या पोटगटासाठी वेगळा काढावा लागतो.

न आलेली ९० उत्तरं

इथवरच्या गणिताने फक्त एका अनिश्चिततेची दखल घेतली: कोणती घरं निवडली गेली यातला योगायोग. निवडलेल्यांपैकी ज्यांनी उत्तरच दिलं नाही, त्यांची दखल सूत्र घेत नाही. ते गृहीत धरतं की ती ९० घरंही १५० सारखीच आहेत. मराठी वर्गाबद्दलच्या फॉर्मला ज्यांना वर्ग नको आहेत ती घरं कमी उत्तर देणार, हे उघड आहे.

धोका किती मोठा, ते मोजता येतं. ९० च्या ९० घरं 'नाही' म्हणणार असतील तर ४२/२४० म्हणजे १७.५ टक्के. सगळीच 'हो' म्हणणार असतील तर १३२/२४०, म्हणजे ५५ टक्के. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी आहे आणि त्या दोघांत साडेसदतीस टक्क्यांचं अंतर आहे. दोन्ही बाजूंना ७ टक्क्यांचा पट्टा याच्यापुढे किरकोळ ठरतो. १९९ नवी घरं विचारली तरी हे अंतर भरत नाही, कारण त्यांतलीही सदतीस-अडतीस टक्के गप्पच राहणार.

त्यामुळे वेळ मर्यादित असेल तर तो नव्या घरांऐवजी या ९० घरांवर घालवा. सगळ्या ९० घरांमागे लागायचीही गरज नाही. मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ यांनी १९४६ मध्ये यावर मार्ग दिला. गप्प घरांतून पुन्हा यादृच्छिक निवड करायची आणि तेवढ्यांकडून उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करायचा. ९० मधून `RAND` ने ३० घ्या. फोन करा, उचलला नाही तर वेगळ्या वेळी करा, तरी नाही तर घरी जा. दुपारी कामावर असलेली घरं रात्री साडेआठनंतर आणि रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळी हमखास भेटतात.

फोनवर प्रश्न फॉर्ममध्ये होता त्याच शब्दांत विचारा. 'काकू, आपली मराठी टिकली पाहिजे ना, मग वर्गाला येणार ना?' असं विचारलं तर काकू हो म्हणणारच, मंडळातल्या माणसाचं मन कोण मोडेल. 'काकू, नमस्कार, मंडळातून बोलतोय. शनिवार-रविवारी मराठीचे वर्ग घ्यायचा विचार आहे. तुमच्या घरातून कोणी येईल, येणार नाही, की अजून ठरलं नाही? कुठलंही उत्तर चालेल.' एवढंच बोलून थांबा. तीनही पर्याय एका दमात आणि सारख्या सुरात सांगितले पाहिजेत.

समजा, ३० पैकी ५ घरांनी हो म्हटलं, म्हणजे १६.७ टक्के. आता दोन गटांना त्यांच्या वजनाप्रमाणे जोडायचं. उत्तर देणाऱ्यांचं वजन १५०/२४० = ०.६२५, गप्प घरांचं ०.३७५.

```
p = 0.625 × 0.28 + 0.375 × 0.1667 = 0.2375
```

२८ चे २३.७५ टक्के झाले. ४२ आणि ५ यांची सरळ बेरीज करून १८० ने भागू नका. त्याने २६.१ येतात आणि ते चुकीचं आहे, कारण ती ३० घरं स्वतःपुरती बोलत नाहीत, ९० घरांच्या वतीने बोलतात.

पट्ट्यासाठी दोन गटांची चूक वेगवेगळी काढून वजनांच्या वर्गाने जोडतात, आणि गप्प घरांचं प्रमाण स्वतःच अंदाजाने आलेलं असल्याने तिसरा, अगदी छोटा भाग त्यात मिळवतात:

```
0.625² × 0.28 × 0.72 / 150           = 0.000525
0.375² × 0.1667 × 0.8333 / 30        = 0.000651
0.625 × 0.375 × (0.28-0.1667)² / 240 = 0.000013
बेरीज 0.001189, वर्गमूळ 0.0345, × 1.96 = 0.068
```

२३.७५ च्या दोन्ही बाजूंना ६.८, म्हणजे साधारण १७ ते ३०.५ टक्के. यात १२०० च्या यादीची दुरुस्ती धरलेली नाही, त्यामुळे पट्टा किंचित सैल आहे. मधल्या ओळीकडे पाहा: ३० घरांचा वाटा १५० घरांपेक्षा मोठा आहे. पट्टा आणखी अरुंद करायचा असेल तर ९० पैकी ३० च्या जागी ५०-६० घरं गाठा, तिथेच जास्त फायदा मिळतो. त्या ३० पैकीही चार-पाच घरं कधीच सापडली नाहीत, तर त्यांना एकदा 'नाही' आणि एकदा 'हो' धरून दोन्ही आकडे काढा. तेवढं अंतर लपवायचं नाही, सांगायचं.

अहवालात काय लिहायचं

टक्केवारी एकटी कधी देऊ नका. कोणाला विचारलं, किती निवडले, किती बोलले, भाजक कोणता, पट्टा कोणता, एवढं एका परिच्छेदात बसतं. या उदाहरणासाठी तो असा होईल:

'मंडळाच्या १२०० कुटुंबांच्या यादीतून यादृच्छिक पद्धतीने २४० कुटुंबं निवडली. १५० कुटुंबांनी फॉर्म भरला. उरलेल्या ९० पैकी यादृच्छिक ३० कुटुंबांशी फोनवर किंवा घरी जाऊन बोलणं झालं. "अजून ठरलं नाही" हे उत्तर भाजकात धरलं आहे. घरातून कोणी तरी वर्गाला येईल असं सांगणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण २३.८ टक्के. ९५ टक्के विश्वास अंतराल १७.० ते ३०.५ टक्के, म्हणजे अंदाजे २०४ ते ३६६ कुटुंबं.'

भाड्याचा निर्णय घेताना यातल्या २०४ वर नजर ठेवावी. २०० कुटुंबांवर वर्ग परवडत असतील, तर पट्ट्याचं खालचं टोकही त्याच्या वर आहे, जेमतेम का होईना. २५० लागत असतील तर पट्टा निर्णय देत नाही, तेव्हा गप्प घरांपैकी आणखी काहींना गाठावं लागेल किंवा आधी नावनोंदणी फी घेऊन पाहावं लागेल. फॉर्मवरचं 'हो' आणि दर शनिवारी वेळेवर येणं यांतला फरक कोणतंही अंतराल सांगत नाही, तो फीच्या पावत्याच सांगतात.